लस कधी टोचावी, दूध कधी वर्ज्य करावे : गोठ्यासाठी अचूक मराठी सूचना

माणगाव परिसरातील दुग्धव्यवसाय मोठ्या कळपांचा नाही. भातशेतीला जोड म्हणून दोन-चार दुभती जनावरे बांधायची, सकाळ-संध्याकाळची धार काढायची आणि दूध गावातील रतिबाला, महामार्गावरील हॉटेलांना किंवा संकलन केंद्रावर घालायचे, असा बहुतेक गोठ्यांचा क्रम असतो. अशा गोठ्यात औषधाची बाटली येते तेव्हा तिच्यावरील सूचना बहुधा इंग्रजीत असते. लसीकरणाचे वेळापत्रकही मुळात इंग्रजी तक्त्यावरून तयार झालेले असते. कोणीतरी त्याचे मराठी करून देतो. हे मराठी वाचायला सोपे असते, परंतु पुष्कळदा त्यातून दोन अर्थ निघतात. वेळापत्रकातील दुसऱ्या अर्थामुळे वासरू रोगापासून असुरक्षित राहते आणि दुधाच्या सूचनेतील दुसऱ्या अर्थामुळे औषधाचा अंश दुसऱ्याच्या घरातील लहान मुलाच्या पेल्यात जातो. म्हणून या दोन्ही सूचना मराठीत कशा लिहाव्यात, कोणते शब्द टाळावेत आणि ते का टाळावेत, याचा विचार येथे केला आहे.

'सुई' एक, गोष्टी दोन

गोठ्यात लसीला आणि औषधालाही 'सुई' किंवा 'इंजेक्शन' असेच म्हणतात. बोलताना त्यात काही बिघडत नाही. लेखी सूचनेत मात्र हा एकच शब्द वापरला तर सर्वांत मोठा घोटाळा होतो. लस निरोगी जनावराला, रोग येण्यापूर्वी, प्रतिकारशक्ती निर्माण व्हावी म्हणून टोचतात. प्रतिजैविक किंवा अन्य औषध आजारी जनावराला रोग झाल्यावर देतात, आणि त्याचा अंश काही काळ रक्तातून दुधात उतरत राहतो.

लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या यांसारख्या मारक लसींच्या बाबतीत दूध वर्ज्य करण्याचा काळ सामान्यतः शून्य असतो. लस टोचल्यावर काही जनावरांना एक-दोन दिवस ताप येतो, टोचलेल्या जागी गाठ येते आणि दोन-तीन दिवस दूध थोडे कमी होते. दूध कमी होणे आणि दूध वर्ज्य असणे या वेगळ्या बाबी आहेत. 'सुई मारल्यावर दूध घालू नये' असे मोघम वाक्य शेतकऱ्याच्या हाती पडले, तर आठवड्याचे दूध बुडेल या धास्तीने तो लसीकरणाच्या दिवशी जनावर रानात सोडून देतो. 'सुई मारली तरी दूध चालते' असे ऐकले, तर कासदाहाच्या उपचारानंतरचे दूधही तो निर्धास्तपणे रतिबाला घालतो. एकाच शब्दातून दोन्ही चुका होतात.

म्हणून लेखी सूचनेत 'लस टोचणे' आणि 'औषधाचे इंजेक्शन देणे' हे शब्दप्रयोग कटाक्षाने वेगळे ठेवावेत. लसीकरणाच्या आधी दोन-तीन आठवडे जंतनाशक पाजण्याचा आणि गोचीडनाशक लावण्याचा सल्ला दिला जातो. ही दोन्ही औषधे आहेत. त्यांना दूध वर्ज्य काळ असू शकतो, हे त्याच कागदावर वेगळ्या ओळीत लिहिले पाहिजे.

रोगाचे नाव

मराठीत गुरांच्या रोगांना चांगली नावे आहेत आणि तीच वापरावीत. तोंडातून लाळ गळते व खुरांत जखमा होतात तो लाळ्या-खुरकूत. मांसल भागात, विशेषतः फऱ्यावर, सूज येऊन दाबल्यावर करकर आवाज येतो तो फऱ्या. परंतु 'घटसर्प' या नावाशी सावध राहावे. गुरांमध्ये घसा सुजून, घरघर लागून जनावर एक-दोन दिवसांत दगावते त्या जिवाणूजन्य रोगाला आपण घटसर्प म्हणतो. लहान मुलांच्या लसीकरण कार्डावरही घटसर्प असतो, पण तो डिप्थेरिया. दोन्ही रोगांचे जिवाणू वेगळे आहेत आणि एकाची लस दुसऱ्यावर चालत नाही. घरात दोन्ही कागद एकाच खुंटीला अडकवलेले असतात. म्हणून 'गुरांचा घटसर्प' असे पूर्ण लिहावे.

ब्रुसेल्लोसिसला 'सांसर्गिक गर्भपात' म्हणतात. हे नाव अर्थवाही असले तरी ते केवळ जनावराच्या गर्भपाताकडे लक्ष वेधते. हा रोग कच्च्या दुधातून आणि गाभडलेल्या जनावराच्या वारेला हात लागल्याने माणसालाही होतो. त्यामुळे 'ब्रुसेल्लोसिस, म्हणजे सांसर्गिक गर्भपात. हा रोग माणसालाही होतो' असे एका वाक्यात सांगणे योग्य ठरते.

'चौथ्या महिन्यात' आणि 'चार महिने पूर्ण झाल्यावर'

इंग्रजी तक्त्यात लाळ्या-खुरकूतच्या पहिल्या डोसापुढे 'चार महिने व अधिक' अशा अर्थाची नोंद असते. तिचे मराठी 'चौथ्या महिन्यात' असे केलेले आढळते. ते चुकीचे आहे. तीन महिने संपले की चौथा महिना लागतो. म्हणजे वासराला लस एक महिना आधी टोचली जाते. यात दोष केवळ हिशेबाचा नाही. जन्मल्यावर पाजलेल्या चिकातून आईची प्रतिद्रव्ये वासराच्या रक्तात येतात आणि काही महिने टिकतात. ती भरपूर असताना लस टोचली तर ती लसीचा परिणाम निकामी करतात. लस टोचल्याची नोंद होते, पण संरक्षण मिळत नाही. म्हणून 'वयाचे चार महिने पूर्ण झाल्यावर' असेच लिहावे.

दुसरा फसवा शब्द 'सहा महिन्यांनी'. 'लाळ्या-खुरकूतची लस सहा महिन्यांनी टोचावी' या वाक्याचे तीन अर्थ होतात : वासरू सहा महिन्यांचे झाल्यावर, आजपासून सहा महिन्यांनी एकदा, किंवा प्रत्येक सहा महिन्यांना. तक्त्याला तिसरा अर्थ अभिप्रेत असतो. तो व्यक्त करण्यासाठी 'दर' हा छोटा शब्द पुरतो : 'त्यानंतर दर सहा महिन्यांनी, जनावर आयुष्यभर गोठ्यात असेपर्यंत'. वयाचा उल्लेख असेल तेथे 'वयाचे' हा शब्द आणि पुनरावृत्तीचा उल्लेख असेल तेथे 'दर' हा शब्द, एवढा नियम पाळला तरी निम्मे घोटाळे टळतात.

'बूस्टर' या शब्दाला मराठी पर्याय शोधण्याची गरज नाही. तो आता खेडोपाडी कळतो. 'वर्धक मात्रा' म्हटल्यास शक्तिवर्धक टॉनिकाचा भास होतो. 'पहिल्या डोसानंतर एक महिन्याने दुसरा डोस, म्हणजे बूस्टर' असे लिहावे आणि तो चुकल्यास पहिल्या डोसाचे संरक्षण अपुरे राहते, हेही सांगावे.

कोणते जनावर?

इंग्रजीत गोवर्गासाठी एक शब्द, म्हशीसाठी दुसरा आणि दोघांना मिळून तिसरा असतो. अनुवादात तिन्हींसाठी 'जनावरे' लिहिले जाते. 'जनावरांत' शेळ्या-मेंढ्याही येतात, आणि त्यांचे वेळापत्रक वेगळे असते. म्हणून 'गाई-म्हशी', 'फक्त गाई', 'फक्त संकरित व विदेशी गाई' असे नेमके लिहावे. गोचिडांमुळे होणाऱ्या थायलेरियोसिसची लस तिसऱ्या प्रकारातील आहे. ती वयाचे तीन महिने पूर्ण झालेल्या संकरित व विदेशी गोवंशासाठी, आयुष्यात एकदाच सुचवली जाते. ज्या गोठ्यात केवळ गावठी गाई किंवा २०१८ मध्ये स्वतंत्र जात म्हणून नोंदवलेली कोकण कपिला आहे, त्या गोठ्याच्या कागदावर ही ओळ असण्याचे कारण नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न 'वासरू' या शब्दाचा. मराठीत वासरू नपुंसकलिंगी आहे. त्यात गोऱ्हा आणि कालवड दोन्ही येतात. ब्रुसेल्लोसिसची लस मात्र फक्त मादी वासरांना, वयाच्या चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान, आयुष्यात एकदाच टोचायची असते. ही लस जिवंत जिवाणूंची आहे. ती नराला टोचल्यास वृषणाला संसर्ग होऊ शकतो आणि गाभण जनावराला टोचल्यास गर्भपात होऊ शकतो. टोचणाऱ्याच्या हाताला सुई लागली तर त्यालाही रोग होऊ शकतो. त्यामुळे 'वासरांना ब्रुसेल्लाची लस टोचावी' हे वाक्य धोकादायक आहे. त्याऐवजी 'फक्त कालवडी आणि पारड्या' असे लिहिले की शंकेला जागा उरत नाही. येथे पारडी म्हणजे म्हशीचे मादी पिल्लू. 'पारडू' लिहिल्यास पुन्हा रेडकू आत येते.

गाभणपणाविषयीही असेच आहे. 'गर्भावस्थेच्या शेवटच्या तिमाहीत लस टाळावी' अशी सूचना काही लसींच्या पत्रकावर असते. गाय साधारण २८० दिवसांनी विते, म्हैस साधारण ३१० दिवसांनी. 'सहा महिन्यांपुढील गाभण' असे सरसकट लिहिले तर ते गाईला लागू पडते, म्हशीला एक महिना लवकर होते. 'विण्याच्या अपेक्षित तारखेपूर्वीचे तीन महिने' हे दोघींनाही बरोबर लागू पडते. कृत्रिम रेतनाची तारीख घरात टिपून ठेवलेली असेल तर ही तारीख काढणे अवघड नाही.

'पावसाळ्यापूर्वी' म्हणजे केव्हा?

गुरांचा घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी वयाचे सहा महिने पूर्ण झालेल्या गाई-म्हशींना दर वर्षी पावसाळ्यापूर्वी टोचायच्या असतात. तक्ता देशभरासाठी असल्याने त्यात एवढेच असते. कोकणात मात्र पाऊस राज्याच्या इतर भागांच्या आधी, जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो. लस टोचल्यापासून पुरेशी प्रतिकारशक्ती येण्यास साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. 'पावसाळ्यापूर्वी' वाचून एखाद्याने मे महिन्याच्या अखेरीस लस टोचली, तर चिखल, भिजणे आणि नांगरणीचा ताण सुरू होतो तेव्हा जनावर अर्धेच सुरक्षित असते. म्हणून माणगावसाठी लिहिताना 'मे महिन्याच्या मध्यापर्यंत, म्हणजे मिरगाच्या किमान तीन आठवडे आधी' असे लिहावे. मूळ मजकुरात नसलेला हा तपशील अनुवादकाने पशुवैद्यकाला विचारून घालावा. स्थानिक ऋतूप्रमाणे अर्थ स्पष्ट करणे हा अनुवादाचाच भाग आहे.

एका कालवडीचे वेळापत्रक

वरील सर्व नियम एका उदाहरणावर तपासून पाहू. समजा, एका संकरित गाईला १० जानेवारी रोजी कालवड झाली. तिच्यासाठी कागदावर पुढील ओळी येतील.

• लाळ्या-खुरकूत, पहिला डोस : वयाचे चार महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे १० मे रोजी किंवा त्यानंतर लगेच.
• लाळ्या-खुरकूत, बूस्टर : पहिल्या डोसानंतर एक महिन्याने, म्हणजे १० जूनच्या सुमारास. त्यानंतर दर सहा महिन्यांनी.
• ब्रुसेल्लोसिस : १० मे ते १० सप्टेंबर या काळात, आयुष्यात एकदाच. ही लस पशुवैद्यकाकडूनच टोचून घ्यावी.
• थायलेरियोसिस : १० एप्रिलनंतर, आयुष्यात एकदाच.
• गुरांचा घटसर्प व फऱ्या : वयाचे सहा महिने १० जुलैला पूर्ण होतात.

शेवटच्या ओळीत अडचण आहे. मे महिन्यात ही कालवड सहा महिन्यांची झालेली नसते आणि ती सहा महिन्यांची होते तेव्हा पावसाळा ऐन भरात असतो. तक्त्यातील 'सहा महिने' आणि 'पावसाळ्यापूर्वी' या दोन्ही अटी एकाच वर्षी पाळता येत नाहीत. अशा वेळी अनुवादकाने आपल्या मनाने एक अट गाळू नये. 'या कालवडीबाबत पशुवैद्यकाला विचारावे' अशी ओळ लिहावी. परिसरात पूर्वी रोग आला होता का आणि वासराची प्रकृती कशी आहे, हे पाहून तो निर्णय पशुवैद्यक घेतो. तसेच एकाच दिवशी दोन लसी टोचायच्या की त्यांत अंतर ठेवायचे, हेही त्याने ठरवायचे असते.

सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेल्लोसिसच्या लसी मोहिमेतून टोचल्या जातात आणि कानातील बारा अंकी बिल्ल्यावर त्यांची नोंद होते. मोहिमेचा दिवस आणि वासराचे वय जुळेलच असे नाही. म्हणून कागदावर तारीख असणे आवश्यक आहे. मोहीम येऊन गेली तेव्हा वासरू साडेतीन महिन्यांचे होते, हे तारखेवरून लगेच कळते आणि पुढील मोहिमेची वाट न पाहता दवाखान्यात जाता येते.

'दूध काढणे' हा घातक शब्द

आता दुसऱ्या सूचनेकडे वळू. औषध दिल्यावर दुधातील त्याचा अंश सुरक्षित मर्यादेखाली येईपर्यंत ते दूध माणसाच्या आहारात जाऊ द्यायचे नसते. या मुदतीच्या इंग्रजी नावात 'काढून घेणे, मागे घेणे' असा अर्थ आहे. त्याचे शब्दशः मराठी केले की 'दूध काढण्याचा कालावधी' असे होते. मराठीत दूध काढणे म्हणजे धार काढणे. त्यामुळे वाक्याचा अर्थ नेमका उलटा होतो. कोणी ते सुधारण्यासाठी 'चार दिवस दूध काढू नये' असे लिहितो. ते तर अधिक वाईट. कासदाह झालेल्या गाईची धार चार दिवस काढली नाही तर कास तटतटून दुखणे वाढते आणि सड कायमचा निकामी होऊ शकतो.

'दूध बंद करावे' हेही चालत नाही. गोठ्याच्या भाषेत त्याचा अर्थ गाय आटवणे असा होतो. 'दूध टाकावे' हे तर फारच संदिग्ध. 'मी डेअरीला दूध टाकतो' म्हणजे घालतो, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. म्हणजे 'उपचारातील दूध टाकावे' या सूचनेचा अर्थ ते केंद्रावर पोहोचवावे असाही होऊ शकतो.

मथळ्यासाठी 'दूध वर्ज्य काळ' हा शब्द बरा आहे, परंतु त्याखाली कृती स्पष्ट लिहिली पाहिजे : 'धार नेहमीप्रमाणे दोन्ही वेळा पूर्ण काढावी. ते दूध विकू नये, रतिबाला घालू नये, घरात पिऊ नये, त्याचे दही, ताक किंवा तूप करू नये. ते ओतून द्यावे.' वासराला ते दूध पाजावे की नाही, हे औषध लिहून देणाऱ्या पशुवैद्यकाला विचारून त्याच कागदावर लिहून घ्यावे. पान्हा सोडण्यासाठी वासरू लावावे लागत असेल तर तेही त्याला सांगावे.

लेबलवर दुधाविषयी तीन प्रकारची वाक्ये असतात आणि त्यांची गल्लत करू नये. पहिले वाक्य मुदत सांगते : अमुक तास दूध वर्ज्य. दुसऱ्यात दुधापुढे 'शून्य' किंवा 'निरंक' अशी नोंद असते. तिचे 'दूध : नाही' असे मराठी केले की शेतकरी दूध चालत नाही असे समजतो, वास्तविक ते दूध लगेच चालते. तेथे 'दूध वर्ज्य करण्याची गरज नाही' असे पूर्ण वाक्य लिहावे. तिसरे वाक्य सर्वांत कडक असते : ज्या जनावराचे दूध माणसाच्या आहारात जाते त्याला हे औषध देऊ नये. गोचीड व जंतांवरील काही इंजेक्शनांच्या पत्रकावर असे वाक्य आढळते. तेथे किती दिवस थांबावे हा प्रश्नच नसतो. दुभत्या जनावरासाठी दुसरे औषध निवडावे लागते.

'भाकड' हा शब्दही येथे जपून वापरावा. विण्यापूर्वी आटवलेल्या गाईच्या सडांत दीर्घकाळ टिकणारे औषध सोडतात. त्यावरील 'आटवलेल्या गाईसाठीच' या सूचनेचे 'भाकड गाईसाठी' असे मराठी केले तर वांझ किंवा दूध न देणारी म्हातारी गाय डोळ्यांपुढे येते. 'गाभण असून आटवलेली गाय' असे लिहिले की ती गाय पुढे विणार आहे आणि तिचे दूध पुन्हा सुरू होणार आहे, हे लक्षात राहते.

९६ तासांचा हिशेब

मुदत कोठून मोजायची, याविषयी लेबल स्पष्ट असते : शेवटच्या उपचारानंतर. अनुवादात 'उपचारानंतर ९६ तास' एवढेच उरते आणि शेतकरी पहिल्या इंजेक्शनपासून मोजतो. त्याने काय होते ते पाहू.

समजा, एका गाईला कासदाह झाला आहे. ती सकाळी साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच अशी दोन वेळा धार देते आणि प्रत्येक वेळी ४ लिटर दूध देते. पशुवैद्यकाने सोमवार, मंगळवार आणि बुधवार असे तीन दिवस संध्याकाळी ६ वाजता, धार काढून झाल्यावर, इंजेक्शन दिले. लेबलवर दुधासाठी ९६ तास लिहिले आहेत.

शेवटचे इंजेक्शन बुधवारी संध्याकाळी ६ वाजता झाले. ९६ तास रविवारी संध्याकाळी ६ वाजता पूर्ण होतात. रविवारची संध्याकाळची धार साडेपाचला, म्हणजे मुदत संपण्याच्या अर्धा तास आधी निघते; तेही दूध वर्ज्य. विक्रीयोग्य पहिले दूध सोमवारी सकाळचे. उपचार चालू असतानाचे दूधही वर्ज्य असते, म्हणून मंगळवार सकाळपासून रविवार संध्याकाळपर्यंत सहा दिवसांच्या बारा धारा बाजूला ठेवाव्या लागतात. एकूण ४८ लिटर दूध.

पहिल्या इंजेक्शनपासून मोजणारा शेतकरी शुक्रवारी संध्याकाळी मुदत संपली असे समजतो आणि शनिवार-रविवारच्या चार धारा, म्हणजे १६ लिटर दूध विकतो. दुसरा शेतकरी शेवटच्या इंजेक्शनपासूनच मोजतो, पण '९६ तास' याऐवजी 'चौथ्या दिवसापर्यंत' असे लिहिलेला कागद त्याच्या हाती असतो. आपल्याकडे दिवस मोजताना सुरुवातीचा दिवसही धरतात. बुधवार पहिला, तर चौथा दिवस शनिवार. तो रविवार सकाळपासून दूध घालू लागतो. दोघांनीही फसवण्याच्या हेतूने काही केलेले नाही. चूक कागदाची आहे.

म्हणून मुदत तासांत लिहावी आणि तिचा शेवट वार, तारीख आणि धारेने सांगावा. वरील गाईसाठी वाक्य असे होईल : 'बुधवारच्या शेवटच्या इंजेक्शननंतरच्या आठ धारांचे दूधही वर्ज्य. दूध सोमवारी सकाळच्या धारेपासून घालावे.' धारांत मोजणे गोठ्यात सर्वांत सोयीचे असते. मात्र हा हिशेब बारा-बारा तासांच्या दोन धारांसाठी आहे. दिवसातून एकदाच धार काढली जात असेल तर आठ नव्हे, चार धारा होतात. त्यामुळे धारांचा आकडा तासांवरून प्रत्येक गोठ्यासाठी वेगळा काढावा.

आणखी एक समजूत दूर केली पाहिजे. औषधाची नळी एकाच सडात सोडली तर त्या सडाचे दूध वेगळे काढून बाकीच्या तीन सडांचे दूध घालता येते, असे पुष्कळांना वाटते. मुळातील 'उपचार केलेल्या जनावराचे दूध' याऐवजी 'उपचार केलेल्या सडाचे दूध' असे मराठी झाल्यास या समजुतीला आधारच मिळतो. सडात सोडलेले औषध कासेतून रक्तात शोषले जाऊन इतर सडांच्या दुधातही उतरू शकते. चारही सडांचे दूध वर्ज्य मानावे.

लेबलवर मुदत नसेल तर

भारतात औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांतील नियम ९७ मध्ये २०१२ साली दुरुस्ती झाली. ज्या जनावरांपासून अन्न मिळते त्यांच्या औषधांच्या वेष्टनावर ही मुदत छापणे त्यानुसार आवश्यक ठरले. एखाद्या औषधाची मुदत चाचणीने निश्चित झालेली नसेल तर ती दूध व अंड्यांसाठी ७ दिवसांपेक्षा आणि मांसासाठी २८ दिवसांपेक्षा कमी धरू नये, असे त्यात म्हटले आहे. 'कमी धरू नये' या शब्दांकडे लक्ष द्यावे. '७ दिवस थांबावे' आणि 'किमान ७ दिवस थांबावे' यांत फरक आहे. येथेही ७ दिवस म्हणजे १६८ तास. दोन वेळची धार असेल तर शेवटच्या डोसानंतरच्या चौदा धारा.

लेबलवरील मुदत ही लेबलवरच्या प्रमाणातील औषधासाठी असते. डोस वाढवला, उपचार लांबला किंवा दोन औषधे एकत्र दिली तर ती मुदत जशीच्या तशी लागू होत नाही. अशा वेळी पशुवैद्यकाकडून चिठ्ठीवरच दूध घालण्याची पहिली तारीख लिहून घ्यावी.

चूक झाल्याचे कसे कळते?

प्रतिजैविकाचा अंश असलेले दूध दिसायला, वासाला आणि चवीला नेहमीसारखेच असते. उकळल्यानेही पेनिसिलिनसारख्या औषधांचा अंश पूर्णपणे जात नाही. त्यामुळे 'उकळून वापरावे' हा सल्ला जंतूंसाठी योग्य असला तरी औषधाच्या अंशावर तो उपाय नव्हे. या दोन सल्ल्यांचीही कागदावर सरमिसळ होऊ देऊ नये.

घरात लक्षात येणारी खूण म्हणजे दही. विरजणातील जिवाणू प्रतिजैविकाने मरतात किंवा दुबळे होतात आणि दही नीट लागत नाही. मात्र दही लागले म्हणजे दूध निर्दोष, असा उलटा निष्कर्ष काढू नये. अन्नमानकांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने दुधात बेंझिलपेनिसिलिनची मर्यादा लिटरला ४ मायक्रोग्रॅम ठेवली आहे; म्हणजे हजार लिटर दुधात ४ मिलिग्रॅम. एका उपचारात ग्रॅममध्ये औषध जाते, हे ध्यानात घेतले की एका गाईचे दूध संकलनाच्या संपूर्ण टाकीला कसे बाधू शकते, याची कल्पना येते. ज्याला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे त्याला असे दूध बाधू शकते, आणि औषधाच्या अल्प अंशाला सरावलेले जंतू पुढे त्या औषधाला दाद देत नाहीत.

कागदाची परीक्षा

मराठी मजकूर तयार झाला की तो मूळ इंग्रजीशी ताडून पाहावा, पण तेवढ्यावर थांबू नये. तो धार काढणाऱ्या व्यक्तीला वाचून दाखवावा. अनेक घरांत दवाखान्यात जाणारा पुरुष आणि धार काढणारी बाई या वेगळ्या व्यक्ती असतात आणि सूचना पहिल्याच माणसापाशी अडकते. वाचून झाल्यावर 'कळले का?' असे विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी 'हो' असते. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत : वहिनी, कोणत्या वारच्या कोणत्या धारेपासून दूध घालणार? तोपर्यंत धार काढणार की नाही? आणि या कालवडीला पुढची लस कोणत्या तारखेला? तिन्ही उत्तरे मूळ सूचनेशी जुळली तर मराठी अचूक आहे. एखादे उत्तर चुकले तर ऐकणाऱ्याला दोष न देता वाक्य बदलावे आणि तो कागद गोठ्यात, धारेची बादली ठेवतात त्या भिंतीवर लावावा.